माप चुकलं तर भुर्दंड कुणाचा? ऑनलाइन पादत्राणं विकणाऱ्यांसाठी परताव्याचे नियम

२२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजार रुपयांपर्यंतच्या पादत्राणांच्या जोडीवर ५ टक्के जीएसटी लागतो. त्याआधी हजारापर्यंत १२ आणि त्यापुढे १८ टक्के लागायचा. कर उतरला म्हणजे विक्रेत्याला श्वास घ्यायला जागा मिळायला हवी. तरीही दुकानाच्या जोडीला व्हॉट्सअ‍ॅप, इन्स्टाग्राम किंवा स्वतःच्या वेबसाईटवरून माल पाठवणारे जळगाव, धुळे, नंदुरबारकडचे विक्रेते महिनाअखेर हिशेबाला बसले की एकच प्रश्न विचारतात: ऑर्डरी तर भरपूर आल्या, मग पैसे गेले कुठे? बऱ्याचदा ते परत आलेल्या पार्सलांत गेलेले असतात. त्यावर दोन उपाय झटकन सुचतात. एक, ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ असं लिहून टाकायचं. दुसरा, ‘सगळं मोफत परत’ म्हणायचं. पहिल्याने गिऱ्हाईक बिचकतं आणि दुसऱ्याने विक्रेता बुडतो.

हा लेख स्वतःच्या नावाने थेट विकणाऱ्यांसाठी आहे. मोठ्या ऑनलाइन बाजारपेठेत विकत असाल तर तिथले नियम तीच बाजारपेठ ठरवते.

परत आलेली प्रत्येक जोडी सारखी नसते

माल चार वाटांनी परत येतो. पहिली वाट म्हणजे पार्सल गिऱ्हाइकाने घेतलंच नाही. कॅश ऑन डिलिव्हरीत हे फार होतं आणि कुरिअरवाले त्याला ‘आरटीओ’ म्हणतात. दुसरी वाट विक्रेत्याच्या चुकीची: काळी मागवली तर तपकिरी आली, शिवण उसवली, सोल सुटला. तिसरी म्हणजे गिऱ्हाइकाचं मन बदललं. चौथी वाट मापाची आणि पादत्राणांच्या धंद्यातली खरी मेख तीच आहे.

भरीताची वांगी घरी आणून कापली आणि आतून किडकी निघाली, तर भाजीवाल्याने ती मुकाट बदलून द्यायची असतात. पाहुणे आले नाहीत म्हणून चांगली वांगी परत न्यायला मात्र आपल्यालाच संकोच वाटतो. दोष निघणं आणि मन बदलणं यांत फरक आहे तो हाच. मापाचं तसं नाही. त्यासाठी शिंप्याकडे बघावं लागतं. ब्लाऊज काखेत घट्ट झाला तर शिंपी एकदा उसवून सैल करून देतो आणि त्याचे पैसे मागत नाही. गिऱ्हाईकही ब्लाऊजचे पैसे परत मागत नाही. दोघांनाही ठाऊक असतं की माप थोडं इकडेतिकडे होणारच आणि तो ब्लाऊज अंगात बसावा हीच दोघांची इच्छा आहे.

चपलेच्या नियमाचा पाया हाच ठेवावा. पहिल्यांदा माप बदलून देणं मोफत, आणि ते इतकं सोपं असावं की पैसे परत मागण्यापेक्षा बदलून घेणंच गिऱ्हाइकाला सोयीचं वाटेल.

एका जोडीचा हिशेब

धुळ्यातला एक विक्रेता ८९९ रुपयांना लोफर विकतो असं समजू. आकडे उदाहरणाचे आहेत, त्यांच्या जागी आपले घालून बघावेत. ८९९ मधले ४३ रुपये जीएसटीचे, म्हणजे उरले ८५६. जोडीची खरेदी ४३०, पॅकिंग २५, कुरिअर ७५, पैसे गोळा करण्याचं शुल्क २५ आणि ती ऑर्डर मिळवायला जाहिरातीवर गेलेले १२०. जोडी गिऱ्हाइकाच्या पायात राहिली तर हाती १८१ रुपये उरतात. जागेचं भाडं आणि कामगारांचे पगार त्यातूनच भागवायचे आहेत.

तीच जोडी परत आली आणि पूर्ण पैसे परत दिले, तर जाताना झालेला २४५ रुपयांचा खर्च बुडाला. जोडी परत आणायला ८५ लागले, पुसायला आणि नव्या खोक्याला २० गेले. काही जोड्या नव्या म्हणून पुन्हा विकता येत नाहीत, त्यांचा तोटा सगळ्या परत आलेल्या जोड्यांवर वाटला तर प्रत्येकीवर ३० रुपये धरू. एकूण ३८० रुपये गेले. म्हणजे दोन जोड्या विकून जे कमावलं ते एका जोडीने खाल्लं, वर थोडं आणखी.

आता तिसरा प्रसंग बघा. गिऱ्हाइकाने ८ नंबरऐवजी ९ नंबर घेतला आणि तो ठेवला. आणायचे ८५, पुन्हा पाठवायचे ७५, पॅकिंगचे २५ आणि वरचे २० व ३० मिळून २३५ रुपये जास्तीचे गेले. १८१ मधून २३५ वजा केले तर ५४ रुपयांचा तोटा होतो. तोटा आहेच, पण ३८० पुढे तो किरकोळ आहे, शिवाय गिऱ्हाईक तुटलं नाही. एका जोडीमागे ३२६ रुपयांचा हा फरक नियम लिहिताना डोळ्यांसमोर ठेवावा.

शंभर ऑर्डरींचा हिशेब मांडला की चित्र स्पष्ट होतं. १५ पार्सलं घेतलीच गेली नाहीत. २० परत आली, त्यांत १२ मापामुळे, ३ दोषामुळे आणि ५ मन बदलल्यामुळे. उरलेल्या ६५ जोड्यांनी ११,७६५ रुपये दिले. न घेतलेल्या पार्सलामागे जाण्यायेण्याचे दीडशे, पॅकिंग आणि जाहिरात धरून २९५ रुपये, म्हणजे ४,४२५ गेले. वीसही जणांना पूर्ण पैसे परत दिले म्हणून ७,६०० गेले. शंभर ऑर्डरी पाठवून २६० रुपयांचा तोटा.

हाच विक्रेता मापाची माहिती सुधारून मापाचे परतावे १२ वरून ८ वर आणतो. त्या आठांपैकी सहा जणांना माप बदलून देतो आणि दोघांचं माप शिल्लक नसल्याने पूर्ण पैसे देतो. मन बदललेल्यांकडून परत आणण्याचे ८५ रुपये घेतो आणि न घेतलेली पार्सलं १० वर आणतो, असं धरू. आता ७४ जोड्या पहिल्या फेरीतच पायात राहतात आणि सगळं वजा जाता ६,७४५ रुपये उरतात. किंमत एका रुपयाने वाढवलेली नाही.

माप चुकतं कुठे?

आपल्याकडे बहुतेक जोड्यांवर यूके नंबर असतो. त्यातल्या एका नंबरचं अंतर म्हणजे इंचाचा तिसरा भाग, सुमारे साडेआठ मिलिमीटर. अर्धे नंबर फार थोडे विक्रेते ठेवतात. त्यामुळे एखाद्याचा पाय दोन नंबरांच्या बरोबर मध्ये आला, तर सगळं नीट करूनही चार मिलिमीटर इकडे किंवा तिकडे जातातच. पट्ट्याच्या चपलेत ते खपतं. लोफर, बेली, बूट यांसारख्या बंद जोडीत अंगठा टेकतो आणि पार्सल परत येतं. युरो नंबरमधलं अंतर तर पावणेसात मिलिमीटरच्या आतबाहेरचं, म्हणून यूकेवरून युरो काढणारे तक्ते एकमेकांशी नेमके जुळत नाहीत.

दुसरं कारण रुंदी. कायम उघड्या चपलेत किंवा अनवाणी वावरलेला पाय पुढे पसरट असतो. तो अरुंद चोचीच्या बुटात लांबीला बसतो, पण बाजूंनी आवळतो. तिसरं कारण फर्मा, म्हणजे ज्या साच्यावर जोडी चढवून बनवतात तो. दोन कारखान्यांचे फर्मे वेगळे असतील तर एकाचा ८ दुसऱ्याच्या साडेसातासारखा बसतो.

म्हणून ‘सगळ्यांसाठी एक’ असा मापाचा तक्ता टाकून भागत नाही. प्रत्येक मॉडेलच्या पानावर पायाची लांबी सेंटिमीटरमध्ये द्यावी आणि मोजायची रीतही तिथेच लिहावी. भिंतीला टाच टेकवून कागदावर उभं राहायचं, सर्वांत लांब बोटापाशी खूण करायची, दोन्ही पाय मोजायचे आणि मोठा पाय धरायचा. मोजायचं संध्याकाळी, कारण दिवसभराने पाय थोडा फुगतो आणि उन्हाळ्यात तर जास्तच. भुसावळच्या मे महिन्यात सकाळी घेतलेलं माप संध्याकाळी खोटं ठरू शकतं.

कॅश ऑन डिलिव्हरीची ऑर्डर पक्की करायला फोन करता, त्याच फोनवर एक प्रश्न जोडावा: ‘सध्या कुठल्या कंपनीची चप्पल वापरता आणि तिचा नंबर काय?’ या एका फोनने दोन कामं होतात. माप तपासलं जातं आणि ज्याला पार्सल घ्यायचंच नाही तो तिथेच कळतो. समोरून अहिराणीत बोलणं आलं तर अहिराणीतच उत्तर द्यावं, माणूस मोकळेपणाने सांगतो.

नियम पानावर कसे लिहावेत?

पैसे भरायच्या बटणाच्या आधी, पाच-सहा ओळींत, साध्या मराठीत. साधारण असे:

> माप बसलं नाही, तर पार्सल मिळाल्यापासून ७ दिवसांत कळवा. पहिल्यांदा माप बदलून देणं मोफत. ते माप शिल्लक नसेल तर पूर्ण पैसे परत.
>
> चुकीची जोडी आली किंवा दोष निघाला, तर सगळा खर्च आमचा. नवी जोडी घ्या किंवा पूर्ण पैसे. शिवण, पट्टा आणि सोल सुटणं यांसाठी ६० दिवस.
>
> जोडी आवडली नाही, तर ७ दिवसांत परत करा. परत आणण्याचे ८५ रुपये वजा करून पैसे मिळतील.
>
> जोडी आमच्याकडे पोचल्यावर कामाच्या २ दिवसांत तपासून पैसे पाठवू आणि व्यवहाराचा क्रमांक कळवू.

इथे दोन वेगळ्या मुदती मुद्दाम ठेवल्या आहेत. माप बसलं की नाही ते पहिल्या पाच मिनिटांत कळतं, त्याला सात दिवस पुष्कळ झाले. सोलचं चिकटवणं कच्चं असेल तर ते बऱ्याचदा दोन-तीन आठवडे चालल्यावर उघडं पडतं. दोन्हींना सातच दिवस दिले तर ज्याची तक्रार खरी आहे नेमका तोच माणूस मुदतीबाहेर जातो, आणि गावात आपलं नाव तोच सांगतो.

बदलाची जोडी कधी पाठवायची, हेही ठरवून ठेवावं. जुनी जोडी गोदामात पोचेपर्यंत थांबलं तर गिऱ्हाईक दहा-बारा दिवस चपलेविना राहतं आणि वैतागून पैसे मागतं. कुरिअरच्या माणसाने जुनं पार्सल उचलून स्कॅन केलं की त्याच दिवशी नवी जोडी काढावी. महागड्या जोडीपुरती आधी तपासणी ठेवली तरी चालेल. पण बदल द्यायचा तर माल हाताशी हवा. म्हणून सर्वांत जास्त खपणाऱ्या नंबरांची शेवटची एक जोडी वेबसाईटवर दाखवू नये, बदलासाठी बाजूला ठेवावी.

सातपुड्यातल्या धडगाव, अक्कलकुव्याच्या पाड्यांवर पार्सल पोचलं तरी ते घरून उचलायला माणूस येईलच असं नाही. तिथल्या गिऱ्हाइकासाठी वेगळी ओळ लिहावी: पोस्टाने पाठवा, पावतीचा फोटो द्या, अमुक रुपयांपर्यंतचा खर्च आम्ही देऊ.

मग ‘परत घेणार नाही’ असंच का लिहू नये?

कारण दोषाच्या बाबतीत तसं लिहिण्याला कायद्यात आधार नाही. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे माल सदोष असेल, जाहिरातीत सांगितल्यासारखा नसेल किंवा कबूल केलेल्या वेळेनंतर पोचला असेल, तर विक्रेत्याला तो परत घ्यायला किंवा पैसे द्यायला नकार देता येत नाही. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात व्हायला हवं. परत पाठवण्याचा खर्च कुणाचा हेही आधीच सांगावं लागतं. बिलावर मुदत लिहिलेली नसेल तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने दोषासाठी ३० दिवस धरले आहेत.

निव्वळ मन बदललं म्हणून माल परत घेण्याची सक्ती मात्र कायद्यात नाही, म्हणून तिथे ८५ रुपये वजा करणं रास्त आहे, फक्त ते आधी स्पष्ट सांगितलेलं हवं. माप या दोन्हींच्या मध्ये येतं. तुमच्या पानावर ‘८ नंबर म्हणजे २६ सेंटिमीटर’ असं छापलं असेल आणि जोडी तेवढ्या पायाला बसत नसेल, तर ती गिऱ्हाइकाची चूक राहत नाही. माल जाहिरातीप्रमाणे नव्हता, असा त्याचा अर्थ होतो.

लग्नात घालून परत पाठवली तर?

ही भीती खरी आहे आणि त्यावर उपाय आहे. सोलला पारदर्शक पातळ फिल्म लावून पाठवावी आणि पट्ट्यातून किंवा लेसच्या भोकातून असा टॅग ओवावा की कापल्याशिवाय निघणार नाही. घरात घालून बघताना तो अडत नाही, पण टॅग लोंबत असताना कुणी वरातीत जात नाही. सोबत एक चिठ्ठी ठेवावी: ‘सतरंजीवर घालून बघा, बाहेर चाललात तर टॅग कापा.’

जोडी परत आली की उजेडात सोल उलटा करून बघावा. चार पावलं घरात चाललेल्या जोडीच्या खाचा स्वच्छ असतात. बाहेर नेलेल्या जोडीच्या खाचांत आपल्याकडची काळी माती अडकते आणि पुसली तरी टोकदार काडीने खरवडल्यावर निघते. टाचेची मागची कड घासून चकचकीत होते, आत पट्टीवर अंगठ्याचा खळगा उमटतो आणि बोटांच्या मुळाशी वरच्या चामड्यावर पक्की घडी पडते. एखादी हलकी रेघ घालून बघण्यानेही येते, तिच्यावरून कुणाला चोर ठरवू नये. पॅक करताना दोन्ही सोलांचा आणि टॅगचा ऑर्डर क्रमांकासकट फोटो काढून ठेवला, तर वाद दोन मिनिटांत मिटतो.

सोल सुटल्याची तक्रार आली तर सुटलेल्या जागी बोट फिरवावं. एका बाजूला डिंकाचा गुळगुळीत थर तसाच राहिला असेल आणि त्यावर दुसऱ्या बाजूचा एकही तंतू चिकटलेला नसेल, तर डिंकाने धरलंच नव्हतं. पृष्ठभाग नीट खरवडला नसेल किंवा डिंक वाळायला पुरता वेळ दिला नसेल. हा दोष कारखान्याचा, पैसे निमूट द्यावेत आणि ती जोडी कारखानदाराला दाखवावी. डिंकाने धरलंय पण चामडं किंवा कापडच फाटलंय, तर ओढ, काप किंवा वापर हे कारण असू शकतं.

रोख दिलेले पैसे परत कसे करायचे?

ज्याने दारात रोख दिले त्याला कार्डावर परतावा देता येत नाही, म्हणून यूपीआय किंवा बँक खात्यावर पाठवावे लागतात. हीच जागा फसवणूक करणारेही साधतात. त्यामुळे नियमातच ठळक लिहावं की पैसे मिळण्यासाठी पिन टाकावा लागत नाही, आम्ही कधीही पिन किंवा ओटीपी विचारत नाही आणि कुठली लिंक दाबायला सांगत नाही. पैसे पाठवल्यावर यूटीआर क्रमांक द्यावा, तो घेऊन बँकेत विचारता येतं. पैशांऐवजी ‘क्रेडिट’ घेण्याची सक्ती करू नये. ज्याची जोडी सदोष निघाली त्याला पुन्हा आपल्याच दुकानात बांधून ठेवण्यासारखं ते आहे.

जीएसटी भरणाऱ्याने पैसे परत देताना क्रेडिट नोट काढावी, नाहीतर परत दिलेल्या जोडीवरचे ते ४३ रुपयेही खिशातून जातात. आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंतच ती विवरणात दाखवता येते.

कुरिअरचा खर्च कमी होईल का?

खोक्याने होईल. कुरिअर खरं वजन आणि आकारमानाचं वजन यांत जे जास्त असेल त्याचे पैसे लावतं. लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणून बहुधा ५००० ने भागतात, आपल्या करारात कोणता आकडा आहे ते बघावं. ३२ × २० × १२ चा खोका १.५४ किलोचा ठरतो आणि अर्ध्या किलोच्या टप्प्यांमुळे २ किलोचं बिल येतं, आतली जोडी ९०० ग्रॅमची असली तरी. ३० × १८ × ११ च्या खोक्यात तीच जोडी मावली तर बिल दीड किलोचं, जातानाही आणि येतानाही. पत्त्याचं लेबल मात्र जोडीच्या खोक्यावर चिकटवू नये, बाहेरच्या पिशवीवर चिकटवावं. खोका खराब झाला की चांगली जोडीसुद्धा नवी म्हणून विकता येत नाही.

वहीत काय लिहून ठेवायचं?

परताव्याचं कारण गिऱ्हाइकाला एका शब्दात विचारावं आणि मॉडेलप्रमाणे नोंदवावं: पुढे घट्ट, टाचेत सैल, बाजूंनी आवळते, रंग वेगळा, दोष. एखाद्या लोफरच्या ४० जोड्या गेल्या, ९ परत आल्या आणि त्यांतल्या ७ समोर ‘पुढे घट्ट’ लिहिलं असेल, तर ती सात माणसं चुकलेली नाहीत, फर्मा अरुंद आहे. त्या मॉडेलच्या फोटोखाली त्याच दिवशी लिहावं: ‘पाय पसरट असेल तर एक नंबर मोठा घ्या.’ पुढच्या ४० जोड्यांत हाच आकडा परत मोजावा. कारखान्यातून नवा लॉट आला की विकायला काढण्याआधी एक जोडी मापाने तपासून घ्यावी, कारण कारखानदाराने मध्येच फर्मा बदलला तरी खोक्यावरचा नंबर तोच राहतो.